कांद्यावरचे निर्यातशुल्क अखेर भरले कोणी?

नीरेकाठचा

आमच्या घरचा कांदा गेली कित्येक वर्षे लोणंदच्या बाजारात जातो आणि मी स्वतः साताऱ्यात नोकरी करतो. त्यामुळे पट्टीवरचा भाव आणि वर्तमानपत्रातली बातमी या दोन्ही गोष्टी माझ्यासमोर एकदमच येतात. प्रश्न जुना असला तरी त्याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

घटनाक्रम असा आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ पासून थेट निर्यातबंदी आली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, परंतु ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरची किमान निर्यातकिंमत अशा दोन अटी राहिल्या. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान किंमत गेली व शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्णपणे रद्द झाले.

कायद्याने हे शुल्क निर्यातदार भरतो. निर्यातदार म्हणतो की त्याने ते दुबई-कोलंबोच्या ग्राहकाकडून वसूल केले, नाहीतर त्याचा धंदाच चालला नसता. शेतकरी म्हणतो की ते आमच्या भावातून कापले गेले. शहरातला ग्राहक तर या हिशेबात आपण कुठे आहोत याचा विचारच करत नाही. एकाच रकमेवर इतक्या जणांचा दावा असेल, तर खरा भार कोणी सोसला हे ठरवायचे कसे?

गाळेवाला

नीरेकाठचा, आपण प्रश्न उगाच अवघड करून ठेवला आहे. कोणताही कर असो, तो शेवटच्या गिऱ्हाइकावर जातो. मी आडतीच्या व्यवसायात आहे आणि इतक्या वर्षांत स्वतःच्या खिशातून कर भरणारा व्यापारी मी पाहिलेला नाही. जीएसटी दुकानदार भरतो, पण बिलात तो गिऱ्हाइकाकडून घेतोच. निर्यातशुल्काचेही तसेच आहे. ज्याला कांदा हवा तो शुल्कासकट घेईल आणि ज्याला परवडत नाही तो घेणार नाही. शेतकऱ्याचा भाव आवकेवर ठरतो, शुल्कावर नाही.

कृष्णाकाठ

गाळेवाला यांचे शेवटचे वाक्य अर्धे बरोबर आहे आणि पूर्ण उत्तराची किल्ली त्याच अर्ध्यात आहे, म्हणून आधी तिथूनच सुरुवात करतो. मी सांगलीत बरीच वर्षे अर्थशास्त्र शिकवले. विद्यार्थ्यांना हा भाग आकृतीवरून पटकन समजत असे, पण बाजारात तो ओळखता येत नसे. म्हणून आकृती बाजूला ठेवून आपल्याच बाजारातले उदाहरण घेऊ.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून फळे-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले आणि त्यावरून राज्यभर व्यापाऱ्यांचे बंद झाले, हे सर्वांना आठवत असेल. आता एका क्विंटलचा हिशेब पाहा. खरेदीदाराला तो माल सर्व खर्चासह २,००० रुपयांना परवडतो आणि आडत शेकडा ६ आहे असे धरू. जुन्या पद्धतीत तो २,००० ची बोली लावतो, पट्टीत १२० रुपये कापले जातात आणि शेतकऱ्याच्या हाती १,८८० येतात. नव्या पद्धतीत आडत आपल्याला द्यायची आहे हे त्याला बोली लावतानाच ठाऊक असते. त्यामुळे तो सुमारे १,८८७ वर थांबतो, कारण त्यावर ६ टक्के चढवले की पुन्हा २,००० होतात. शेतकऱ्याला १,८८७ मिळाले. वरचे सात रुपये केवळ टक्केवारी लहान रकमेवर बसल्यामुळे आले आहेत. कपात पट्टीवरून नाहीशी झाली, परंतु ती बोलीत जाऊन बसली.

यावरून एवढेच घ्यायचे की रक्कम कोणाच्या हातून भरली जाते यावरून ती कोणी सोसली हे समजत नाही. अधिसूचनेत निर्यातदाराचे नाव आहे म्हणून भार त्याच्यावर, असे नाही. त्याचप्रमाणे बिलात गिऱ्हाइकाचे नाव आहे म्हणून भार गिऱ्हाइकावर, हेही खरे नाही.

गाळेवाला

आडतीचे उदाहरण मला मान्य नाही. आडत हा कर नव्हे. आम्ही उधारीची जोखीम घेतो, रोख पट्टी देतो, त्याचा तो मोबदला आहे. शिवाय २०१६ साली बोली लगेच खाली आली असे मी पाहिले नाही. काही बाजारांत काही काळ शेतकऱ्याला खरोखर जास्त पैसे मिळाले.

कृष्णाकाठ

आडत हा सेवेचा मोबदला आहे, हे मान्य. मी तिचा उपयोग फक्त पैसे कोणाच्या हातून जातात हे दाखवण्यासाठी केला. आणि बोली लगेच खाली आली नसेल, तर तेही समजण्यासारखे आहे. खरेदीदाराने पुढच्या माणसाशी जुन्या दराने सौदा केलेला असतो आणि तो पुरा होईपर्यंत त्याला माल उचलावाच लागतो. त्या काळात तो अडकलेला असतो आणि जो अडकलेला असतो त्याच्यावर भार पडतो. सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे: भाव बदलला तर कोण बाजूला होऊ शकतो आणि कोण होऊ शकत नाही.

फलटणची_शेती

इथे मला बोलायचे आहे, कारण अडकणे म्हणजे काय हे आम्ही दर हंगामात वेगवेगळ्या रीतीने अनुभवतो. आपण सगळे "कांदा" म्हणत आहात, पण हळवा आणि गरवा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हळवा कांदा पावसाळ्यात वाढतो आणि दिवाळीच्या मागेपुढे निघतो. त्यात पाणी जास्त, पत्ती पातळ, मान जाड. तो ठेवला तर सडतो किंवा त्याला कोंब येतात. काढला की थोड्याच दिवसांत गोण्या भरून बाजारात न्यावाच लागतो आणि लिलावात जो भाव निघेल तो घ्यावा लागतो, कारण परत आणण्याचे गाडीभाडेही अंगावर येते. गरवा कांदा मात्र उन्हाळ्यात निघतो, नीट सुकवून कांदाचाळीत ठेवला तर पावसाळा काढतो. वजन घटते, काही माल सडतो, पण आज भाव नाही म्हणून महिनाभर थांबणे शक्य असते.

ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्क लागले तेव्हा आमच्या चाळीत गरवा होता आणि आम्ही थांबलो. पुढे निर्यातबंदी आली ती ऐन हळव्याच्या आवकेत, तेव्हा थांबण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून माझा प्रश्न असा आहे की एकाच सरकारी आदेशाचा भार दोन कांद्यांवर वेगळा पडतो का?

कृष्णाकाठ

ताई, या धाग्यातला सर्वांत नेमका प्रश्न आपण विचारला आहे. उत्तर होय असे आहे आणि ते आकड्यांनी दाखवतो. आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले आहेत, ते कोणत्याही वर्षाचे प्रत्यक्ष भाव नाहीत, परंतु त्यांच्यातली प्रमाणे अगदीच काल्पनिक नाहीत.

शुल्क नसताना भाव क्विंटलला २,००० रुपये आहे असे धरू. या भावाला १०० क्विंटल माल विकला जातो, त्यातला ८५ देशात खपतो आणि १५ बाहेर जातो. आता भाव बदलला तर कोण किती हलतो ते ठरवू. देशातले लोक कांदा स्वस्त झाला म्हणून दुप्पट खात नाहीत. भाव १०० रुपयांनी उतरला तर खप फक्त १ क्विंटलने वाढतो असे धरू. परदेशी खरेदीदारापुढे पाकिस्तान, इजिप्त, चीन असे दुसरे पर्याय असतात. त्याला कांदा १०० रुपयांनी महाग पडला तर तो ३ क्विंटल कमी घेतो. शुल्क टक्केवारीऐवजी क्विंटलला सरळ ४०० रुपये घेऊ.

प्रथम हळवा. तो ठेवता येत नाही, म्हणून भाव काहीही असो, १०० क्विंटल बाजारात येणारच. शुल्क लागताच देशातला भाव आणि परदेशी ग्राहकाला पडणारी किंमत यांत ४०० रुपयांचे अंतर पडले पाहिजे. ते अंतर कोणाच्या बाजूने पडते? देशातला भाव ३०० ने उतरून १,७०० झाला आणि परदेशी किंमत १०० ने चढून २,१०० झाली तरच हिशेब जुळतो. तेव्हा निर्यात ३ क्विंटलने घटते, देशातला खप ३ क्विंटलने वाढतो आणि १०० चे १०० क्विंटल विकले जातात. म्हणजे ४०० पैकी ३०० रुपये आपल्या बाजूने गेले व १०० परदेशी ग्राहकाने सोसले.

आता गरवा. भाव १०० ने उतरला तर शेतकरी ४ क्विंटल चाळीत मागे ठेवतात असे धरू, बाकी सारे तेच. या वेळी देशातला भाव फक्त १५० ने उतरून १,८५० वर थांबतो आणि परदेशी किंमत २,२५० होते. बाजारात ९४ क्विंटल येतात, त्यातले साडेसात बाहेर जातात आणि साडेशहाऐंशी देशात खपतात. शुल्क तेच, अधिसूचना तीच, पण शेतकऱ्याचा वाटा निम्मा झाला.

वाटणीचा नियम पाहायचा असेल तर तो या दोन उदाहरणांतच आहे. पहिल्यात आपली बाजू १०० रुपयांमागे एकूण १ क्विंटल हलत होती आणि परदेशी बाजू ३. भार उलटा, म्हणजे आपल्यावर तीन भाग आणि त्यांच्यावर एक. दुसऱ्यात आपली बाजू १ अधिक ४, म्हणजे ५ हलली, त्यांची तीनच; म्हणून आपल्यावर आठापैकी तीन भाग आले. जो कमी हलतो तो जास्त भरतो.

नीरेकाठचा

सर, हे पटले. पण मग एक गोष्ट खटकते. हळव्याच्या उदाहरणात शेतकऱ्याचा भाव ३०० ने उतरला, तो निर्यात झालेल्या १२ क्विंटलवर उतरला की सगळ्या १०० वर?

कृष्णाकाठ

सगळ्या १०० वर. निर्यातशुल्काची ही बाजू बातम्यांत जवळजवळ कधीच येत नाही.

लिलावात खरेदीदार हा ढीग दुबईला जाणार आणि तो पुण्याला, अशा दोन बोली लावत नाही. बाजारभाव एकच असतो. म्हणून बाहेर जाणाऱ्या कांद्यावरचे शुल्क देशात राहणाऱ्या कांद्याचाही भाव खाली ओढते. हळव्याच्या उदाहरणाचा पूर्ण ताळेबंद असा निघतो. शेतकऱ्याचे नुकसान १०० क्विंटलवर ३०० प्रमाणे ३०,००० रुपये. सरकारला मिळाले ते १२ क्विंटलवर ४०० प्रमाणे अवघे ४,८००. मग बाकीचे गेले कुठे? देशातल्या ग्राहकाला स्वस्त कांद्यामुळे २५,९५० रुपयांचा फायदा झाला. म्हणजे हे शुल्क कर म्हणून नाममात्र आहे. प्रत्यक्षात ते शेतकऱ्याकडून ग्राहकाकडे पैसे वळवण्याचे साधन आहे, आणि ही रक्कम कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. गाळेवाला म्हणाले की भार शेवटच्या गिऱ्हाइकावर जातो. इथे देशातल्या शेवटच्या गिऱ्हाइकाला उलट पैसे मिळाले आहेत.

आता परदेशी ग्राहकाचे नुकसान १,३५० रुपये धरून सगळी बेरीज-वजाबाकी करा. ज्यांनी गमावले त्यांचे ३१,३५० होतात, ज्यांनी मिळवले त्यांचे ३०,७५०. मधले ६०० रुपये कोणाच्याच खिशात गेले नाहीत. ते त्या ३ क्विंटलांमुळे बुडाले, जे परदेशात अधिक मोलाने गेले असते आणि शुल्कामुळे देशातच कमी मोलाने खपले. यालाच डेडवेट लॉस म्हणतात. मोजायची रीत सोपी आहे: शुल्काच्या निम्म्याला थांबलेल्या व्यापाराने गुणायचे.

सदनिकाधारक

चर्चा चांगली चालली आहे, पण कांद्याऐवजी सर्वांच्या उपयोगाचे उदाहरण घ्यावे असे वाटते. मी २०२० च्या अखेरीस सांगलीत सदनिका घेतली. तेव्हा राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केले होते, त्यामुळे माझे चांगलेच पैसे वाचले. म्हणजे शुल्क पूर्णपणे खरेदीदारावरच असते, हे माझ्या अनुभवावरून सिद्ध होते. परत मिळण्याची काही तरतूद आहे का, हेही कोणी सांगावे, कारण माझ्या भावाने त्याच्या आधीच पूर्ण शुल्क भरले आहे.

कृष्णाकाठ

परताव्याबाबत दुय्यम निबंधक कार्यालयात चौकशी करणे बरे, तो या धाग्याचा विषय नाही. परंतु आपले पैसे खरोखर वाचले का, हा प्रश्न मात्र नेमका इथलाच आहे. सवलत नसती तर बिल्डरने तीच सदनिका त्याच दराने विकली असती का? २०२० साली बांधून तयार असलेल्या सदनिका रातोरात वाढणार नव्हत्या किंवा कमी होणार नव्हत्या. त्या जवळजवळ हळव्या कांद्यासारख्याच होत्या. अशा वेळी सवलतीचा मोठा भाग विकणाऱ्याकडे जाण्याची शक्यता असते, कारण सवलतीमुळे आलेले जास्तीचे ग्राहक पाहून त्याला दर उतरवण्याची गरज राहत नाही. पुढे जानेवारी २०२१ मध्ये सरकारने विकासकांना बांधकामाच्या अधिमूल्यात ५० टक्के सवलत देताना ग्राहकाचे मुद्रांक शुल्क विकासकाने भरावे अशी अटही घातली होती. पावतीवर विकासकाचे नाव आले म्हणून भार त्याच्यावर गेला असे मी म्हणणार नाही. ते दरात कुठे मिसळले, हे त्या प्रकल्पाचे जुने-नवे दर शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

हिशेबी

मी मिरजेहून हा धागा वाचत आहे आणि सरांचे आकडे कागदावर पुन्हा मांडून पाहिले. बेरीज बरोबर आहे, पण त्यातून दोन गोष्टी निघतात ज्या सरांनी सांगितल्या नाहीत.

पहिली अशी की गरव्याच्या उदाहरणात बुडीत रक्कम वाढते. तिथे निर्यात साडेसात क्विंटलने घटली, म्हणून शुल्काच्या निम्म्याने म्हणजे २०० ने गुणले की १,५०० रुपये येतात. हळव्यात ती ६०० होती. शेतकऱ्याचा भार निम्मा झाला, पण एकूण नासाडी अडीचपट झाली. मग लवचिकता चांगली की वाईट?

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. परदेशी ग्राहकाचे १,३५० रुपयांचे नुकसान आपण आपल्या तोट्यात का मोजायचे? ते वगळले तर हळव्याच्या उदाहरणात देशाला ग्राहकाचे २५,९५० आणि सरकारचे ४,८०० मिळाले, शेतकऱ्याचे ३०,००० गेले. म्हणजे देश ७५० रुपयांनी फायद्यात आहे! गरव्यातही फायदाच निघतो. याचा अर्थ शुल्क लावणे देशाच्या दृष्टीने शहाणपणाचे होते असा होत नाही का?

कृष्णाकाठ

हिशेबी यांनी नेमके बोट ठेवले आहे. क्रमाने घेतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हलता येणे चांगलेच, कारण भार दुसऱ्यावर ढकलता येतो. कर बसवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र जिथे कोणी हलू शकत नाही तिथे कर लावला तर व्यापार कमी मोडतो आणि नासाडी कमी होते. म्हणजे कार्यक्षमतेच्या नजरेने उत्तम कर तो, जो अडकलेल्या माणसावर बसतो. हळव्याच्या शेतकऱ्यावर बसवलेले शुल्क "कमी नासाडीचे" ठरते ते यामुळेच. ते न्याय्य आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर हेच गणित कोणत्याही अन्यायाच्या समर्थनार्थ वापरता येते.

तसेच दर दुप्पट केला तर काय होते तेही पाहा, कारण ४० आणि २० टक्क्यांतला फरक इथेच समजतो. हळव्यावर ४०० ऐवजी ८०० शुल्क लावले तर निर्यात ६ क्विंटलने घटून ९ वर येते. सरकारचे उत्पन्न ४,८०० वरून ७,२०० होते, म्हणजे दीडपट. बुडीत रक्कम मात्र ६०० वरून २,४०० होते, म्हणजे चौपट. बंदी ही या रेषेच्या टोकाला असते. तिथे उत्पन्न शून्य असते आणि नासाडी सर्वांत जास्त.

आता ७५० रुपयांच्या फायद्याविषयी. गणित बरोबर आहे. भारत जगातल्या मोठ्या कांदा निर्यातदारांपैकी असल्यामुळे आपण शुल्क लावले की परदेशी ग्राहकाला थोडे तरी जास्त मोजावे लागते आणि तो वाटा आपल्या तिजोरीत येतो. परंतु हा फायदा परदेशी ग्राहक १०० रुपयांमागे फक्त ३ क्विंटल हलतो या एकाच गृहीतकावर उभा आहे. पहिल्या महिन्यात ते खरे असेल, कारण त्यालाही माल कुठून तरी लगेच हवा असतो. दोन हंगामांनी तो दुसऱ्या देशाशी सौदे करतो, स्वतःच्या देशात लागवड वाढवतो. तेव्हा तो ३ ऐवजी १२ क्विंटल हलतो असे धरून हळव्याचे गणित पुन्हा करा. देशातला भाव सुमारे ३७० रुपयांनी उतरतो, परदेशी ग्राहक जेमतेम ३० रुपये सोसतो, बुडीत रक्कम ७४० च्या आसपास जाते आणि देशाच्या हिशेबात ७५० च्या फायद्याऐवजी सुमारे ३३० चा तोटा येतो. शुल्क जितके लांबते तितका त्याचा भार परदेशी माणसावरून निघून आपल्या शेतकऱ्यावर सरकतो.

फलटणची_शेती

सर, आमच्या बाजूनेही काळाचा विचार करावा लागेल. आम्ही गरवा चाळीत ठेवतो तो "शुल्क लवकर जाईल" या आशेवर. शुल्क कायमचेच आहे असे कळले तर ठेवून काय उपयोग? चाळीतला कांदा नाहीसा होत नाही. तो आज नाही तर दोन महिन्यांनी बाजारात येणारच आणि तोही वजन घटून. म्हणून आपण धरलेले "१०० रुपयांमागे ४ क्विंटल" हे फक्त तात्पुरत्या शुल्कासाठी खरे आहे. कायमच्या शुल्काला आमचे खरे उत्तर चाळीत नसून रोपवाटिकेत असते. भाव पडेल असे वाटले तर पुढच्या हंगामात आम्ही बी कमी टाकतो आणि ते क्षेत्र उसाकडे किंवा टोमॅटोकडे जाते.

कृष्णाकाठ

ताई, ही दुरुस्ती माझ्या गणितापेक्षा महत्त्वाची आहे. तात्पुरत्या शुल्काला साठवणुकीची लवचिकता लागू पडते, दीर्घ मुदतीच्या शुल्काला लागवडीची. मधल्या अवस्थेत, म्हणजे शुल्क आहे पण ते कधी जाईल हे कोणालाच ठाऊक नाही अशा वेळी, कोणता आकडा धरायचा हे मला नेमके सांगता येणार नाही. ऑगस्ट २०२३ ते मार्च २०२५ हा काळ जवळजवळ पूर्णपणे तसाच होता. दर काही महिन्यांनी नियम बदलत गेले, तेव्हा शेतकऱ्याला ना थांबण्याचा निर्णय खात्रीने घेता आला, ना लागवडीचा.

गाळेवाला

आपण सर्वांनी कागदावर बरेच काही सिद्ध केले आहे. पण मी प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो. १ एप्रिल २०२५ ला २० टक्के शुल्क गेले. सरांच्या गणिताप्रमाणे शेतकऱ्याचा भाव लगेच वर यायला हवा होता. आमच्या गाळ्यावर तसे काही दिसले नाही. म्हणजे भार शेतकऱ्यावर नव्हताच.

कृष्णाकाठ

शुल्क गेले त्याच सुमारास गरव्याची मोठी आवक सुरू होते, हे आपणच मला सांगाल. शुल्क हटल्याने भाव वर जायचा आणि आवकेने खाली यायचा, या दोन ओढींत भाव स्थिर दिसला तर शुल्काचा परिणाम शून्य होता असे निघत नाही. शुल्क राहिले असते तर तो आणखी किती पडला असता, हा खरा प्रश्न आहे. म्हणून आधीचा आणि नंतरचा भाव शेजारी ठेवून भार कळत नाही. पाहायचे असते ते अंतर: लोणंदचा भाव, त्यात प्रतवारी, गोणी, न्हावा शेव्यापर्यंतचे भाडे, कंटेनर आणि जहाजाचा खर्च मिळवून येणारी रक्कम एका बाजूला, आणि त्याच आठवड्यातला दुबई किंवा कोलंबोचा घाऊक भाव दुसऱ्या बाजूला. शुल्क गेल्यावर हे अंतर आटले पाहिजे. ते आपला भाव वर आल्याने आटले की तिकडचा भाव खाली आल्याने, यावरून आधी भार कोणावर होता हे कळते.

गाळेवाला

जहाजाचा खर्च स्थिर असतो असे आपण धरले आहे. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर २०२४ मध्ये जहाजे लांबच्या वाटेने फिरू लागली आणि कंटेनर मिळेनासे झाले. दुबई-कोलंबोची वाट तिथून जात नसली तरी रिकाम्या कंटेनरचा तुटवडा सगळीकडे जाणवला. मग अंतरातले किती रुपये शुल्काचे आणि किती भाड्याचे, हे वेगळे कसे करणार?

हिशेबी

शुल्क टक्केवारीत होते, भाडे नव्हते. यातूनच मार्ग निघेल असे मला वाटते. कांद्याचा भाव दुप्पट झाला तर अंतरातला शुल्काचा भाग दुप्पट होतो, कंटेनरचे भाडे मात्र त्यामुळे बदलत नाही. म्हणून सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५ या २० टक्क्यांच्या काळात आठवड्याआठवड्याला अंतर भावाच्या मागोमाग किती हलले, हे पाहता येईल. जो भाग भावाबरोबर हलतो तो शुल्काचा, जो हलत नाही तो भाड्याचा. लोणंदचे दैनिक भाव बाजार समितीकडे मिळतील. परदेशातले घाऊक भाव आठवड्यानुसार कोणाकडे असतील तर इथे द्यावेत. गाळेवाला, आपल्या ओळखीच्या निर्यातदारांच्या जुन्या बिलांवर जहाजावर चढवतानाचा दर लिहिलेला असेल. नावे झाकून तेवढे आकडे मिळाले तरी सुरुवात करता येईल.

गाळेवाला

विचारून पाहतो. बिले देतील की नाही ते सांगता येत नाही. आणि एक लक्षात ठेवा, बिलावरचा दर आणि प्रत्यक्ष वसूल झालेला दर नेहमी सारखे नसतात. शुल्क बिलावरच्या किमतीवर लागत असल्यामुळे ती कमी दाखवण्याचा मोह प्रत्येकालाच असतो.